लांबलचक घरात वायफाय मागच्या खोलीपर्यंत न्यायचं कसं : एक्स्टेंडरवर पैसे घालवण्याआधी वाचा

आमचं घर नागपुरातल्या महाल भागात आहे, जुनं. रस्त्याकडून बघितलं तर जेमतेम वीस फूट रुंद, पण आत शिरलं की संपतच नाही. पुढची खोली, मग बैठक, माजघर, स्वयंपाकघर, उघडं अंगण आणि त्यापलीकडे मागच्या दोन खोल्या. टेपनं मोजलं तर पंच्याण्णव फूट भरलं. फायबरवाला पोरगा आला, त्यानं रस्त्याकडच्या भिंतीला भोक पाडलं, राउटरचा डबा तिथेच खिळ्याला टांगला आणि पंधरा मिनिटांत निघून गेला. माझं ऑफिसचं काम मागच्या खोलीत चालतं. म्हणजे डबा एका टोकाला आणि मी दुसऱ्या.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत मी दोन एक्स्टेंडर घेतले. दोन्ही आता कपाटात आहेत. शेवटी ज्यानं काम झालं ती गोष्ट एका रविवारची होती, आणि दोन एक्स्टेंडरच्या पैशांपेक्षा फार महागही पडली नाही. माझ्यासारख्या घरात राहणाऱ्यांनी हाच फेरा मारू नये म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

१. आधी मोजा, मगच दुकानात जा

मोबाईलवरच्या वायफायच्या दांड्या बघून काही ठरवू नका. त्या दांड्या फक्त एवढंच सांगतात की तुमच्या फोनला जवळच्या डब्याचा आवाज किती मोठा येतो. त्या डब्याला पुढे काय मिळतंय, हे त्यांना माहीतच नसतं. एक्स्टेंडर घेणारे सगळे इथेच फसतात, मीही फसले.

मोजायचं ते इंटरनेटही नाही, घरातल्या घरातला वेग मोजायचा. त्यासाठी `iperf3` नावाचा फुकटचा प्रोग्रॅम आहे. एक कॉम्प्युटर राउटरला वायरनं जोडा आणि त्यावर हे चालवा:

```
iperf3 -s
```

दुसरा लॅपटॉप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरा आणि प्रत्येक ठिकाणी हे चालवा. आकड्यांच्या जागी पहिल्या कॉम्प्युटरचा पत्ता टाका:

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 20 -R
```

`-R` विसरू नका. तो नसेल तर तुमच्याकडून राउटरकडे जाणारा वेग मोजला जातो, आणि आपल्याला बहुतेक वेळा उलट दिशेची काळजी असते. हा खटाटोप नको असेल तर नेहमीची स्पीड टेस्ट करा, पण प्रत्येक खोलीत तीन वेळा करा आणि मधला आकडा धरा.

आमच्या घरचे स्पीड टेस्टचे आकडे असे होते. कनेक्शन १०० एमबीपीएसचं. पुढच्या खोलीत ९४. माजघरात, म्हणजे साधारण पंचेचाळीस फुटांवर आणि दोन जाड भिंतींपलीकडे, २.४ गिगाहर्ट्झवर ३०. मागच्या खोलीत ३, तेही अधूनमधून तुटत. ५ गिगाहर्ट्झचं नाव तर मागे यादीत दिसतच नव्हतं. आमच्या जुन्या भिंती चौदा इंची विटांच्या आहेत, आणि ५ गिगाहर्ट्झ अशा भिंतींपुढे लवकर हात टेकतं.

एक नागपुरी गोष्ट. मोजणी उन्हाळ्यात केली तर कुलर जागेवर ठेवून करा. आमच्या अंगणाकडच्या खिडकीत पत्र्याचा मोठा कुलर बसतो. पत्रा सिग्नल परतवतो, ओलं गवत आणि टाकीतलं पाणी उरलेला पिऊन टाकतं. मार्चपर्यंत जेमतेम चालणारं वायफाय एप्रिलमध्ये एकदम का मेलं, याचं कोडं मला दोन वर्षांनी सुटलं.

२. एक्स्टेंडर वेग का खातो

आमच्या घरात आजी मागच्या अंगणातून ओरडायच्या, "दूध आलं का गं?" पुढच्या खोलीत ते ऐकू जायचं नाही. मग माजघरातून सासूबाई तेच पुढे ओरडायच्या, उत्तर ऐकायच्या आणि पुन्हा मागे ओरडून सांगायच्या. निरोप पोचायचा, पण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जायचं. आणि एक जण ओरडत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं, नाहीतर कोणालाच काही कळत नाही.

स्वस्तातला एक्स्टेंडर नेमकं हेच करतो. त्याच्यात एकच रेडिओ असतो. राउटरकडून आलेला डेटा तो एका चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर तुमच्या फोनला पुन्हा सांगतो. ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी त्याला जमत नाही. म्हणून हवेतला निम्मा वेळ नुसत्या पुनरुक्तीत जातो आणि वेग निम्मा होतो. हे त्याच्यात काही बिघडलं म्हणून होत नाही, तो बनलाच तसा आहे. खोक्यावर ३०० लिहिलेलं असतं तो रेडिओचा कागदावरचा वेग असतो, आणि त्यातल्या बऱ्याच डब्यांचं वायरचं भोक तर १०० चंच असतं.

निम्मा कशाचा, हा खरा प्रश्न. १०० चा निम्मा नाही. एक्स्टेंडर ज्या जागी बसलाय त्या जागी राउटरकडून जेवढं येतं, त्याचा निम्मा.

माझा पहिला एक्स्टेंडर मी मागच्या खोलीत लावला, कारण वायफाय तिथेच हवं होतं ना! फोनवर सगळ्या दांड्या भरल्या. मोजलं तर दीड. साहजिकच होतं, त्या जागी राउटरकडून मुळात तीनच येत होते. मग त्याला माजघरात आणलं. तिथे ३० येत होते, निम्मे झाले १५, त्यातले थोडे अंगण ओलांडताना गेले आणि मागे मिळाले १३. सासरे म्हणाले, "काऊन गं, डबे दोन झाले तरी गाडी पॅसेंजरच?"

त्यात आणखी एक तोटा असतो जो पटकन लक्षात येत नाही. सासूबाई जे पुन्हा ओरडायच्या ते पुढच्या खोलीतल्यांच्याही कानावर पडायचंच. तसं, मी मागे व्हिडिओ कॉलवर असले की एक्स्टेंडरची बडबड पुढच्या खोलीतल्या २.४ वरच्या टीव्हीचाही वेळ खायची. टीव्ही राउटरच्या शेजारी असूनही अडकायचा, आणि दोष राउटरवर यायचा.

३. एक्स्टेंडर घेऊन बसला असाल तर

फेकू नका. दोन गोष्टी करून बघा.

त्याला मागच्या खोलीतून काढा आणि वाटेत अशा जागी लावा जिथे राउटरचा वेग अजून बरा आहे. पहिल्या पायरीत मोजलेले आकडे इथे कामी येतात. फार पुढेही नको, नाहीतर त्याचा आवाज मागे पोचणार नाही.

दुसरं, तो दोन बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये राउटरशी फक्त ५ वर जोडायला सांगा आणि घरातली उपकरणं २.४ वर जोडा. मग ऐकणं एका रेडिओवर आणि बोलणं दुसऱ्यावर होतं, निम्म्याचा दंड बराचसा टळतो. अट एवढीच की त्या जागी ५ चा सिग्नल चांगला पोचला पाहिजे. पातळ भिंतींच्या नव्या फ्लॅटमध्ये पोचतो. आमच्या माजघरात तो इतका लटपटत यायचा की फायदा नावालाच झाला. माझा दुसरा एक्स्टेंडर या प्रकारातला होता. मागे २० पर्यंत मिळाले, पण दर अर्ध्या तासाला तुटायचं.

४. वायर टाका

हाच खरा उपाय. पुढच्या डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत एक नेटवर्कची वायर न्यायची आणि मागे दुसरा राउटर लावायचा, जो नुसतं वायफाय पसरवेल. वायर १०० मीटरपर्यंत वेग न घालवता चालते. पंच्याण्णव फूट म्हणजे एकोणतीस मीटर. वळणं, चढउतार धरून मला चाळीस लागले, मी पंचेचाळीस आणले.

लागणारं सामान:

- कॅट-६ वायर, पूर्ण तांब्याची
- आरजे-४५ची टोकं आठ-दहा, कारण पहिली दोन-तीन वाया जाणारच
- टोकं दाबायचा क्रिम्पिंग पाना आणि वायर तपासायचा छोटा टेस्टर
- केसिंग पट्टी, आणि उघड्यावरच्या भागासाठी पीव्हीसी पाइप
- भिंतीतून आरपार जाईल असा लांब ड्रिल बिट
- एक जुना राउटर, किंवा नवा साधा दोन बँडचा, ज्याची वायरची भोकं गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची आहेत

वायर घेताना सांभाळा. सीताबर्डीतल्या एका दुकानात मला आधी जी वायर दाखवली ती हातात घेतल्यावर हलकी वाटली. दुकानदाराला विचारून टोकाची एक तार ब्लेडनं खरवडली, तर वरचा लालसर रंग निघून आतून पांढरी चमक दिसली. ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली होती. अशी तार वाकवताना तुटते, टोकात नीट धरत नाही आणि सहा महिन्यांनी त्रास सुरू होतो. खरं तांबं खरवडलं तरी लालच राहतं. तांब्याच्या वायरीचा भाव जवळपास दुप्पट होता, तरी तीच घेतली.

वायरीची वाट ठरवताना गच्चीवरून न्यायचा मोह होतो, कारण तिथे काही फोडावं लागत नाही. तसं करू नका. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन घरातल्या वायरीचं वेष्टण एक-दोन वर्षांत तडकवतं, आणि जूनच्या पहिल्या वादळात वीज जवळपास पडली तर उघडी वायर दोन्ही टोकांचे डबे घेऊन जाऊ शकते. मी छताखालून, भिंतीच्या वरच्या कडेनं नेली. फक्त अंगणाचे बारा फूट उघडे होते, तिथे पाइपातून आणि छज्जाखालून घेतली. विजेच्या वायरीच्या पट्टीत ती घालू नका. हातभर अंतर ठेवा, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

टोक बसवायच्या आधी वायर आरपार ओढून घ्या. टोक लावलेली वायर भोकातून जात नाही, आणि जबरदस्ती केली की टोकाची खिट्टी मोडते. टोकाची खिट्टी खाली आणि राउटरच्या भोकात जाणारं तोंड तुमच्यापासून लांब असं धरलं की डावीकडून तारांचा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. संत्र्यांच्या गावात केशरीपासून सुरुवात, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं येतं. दोन्ही टोकांना हाच क्रम. आठही तारा टोकाच्या आत शेवटपर्यंत टेकल्या आहेत का, हे पुढून प्लॅस्टिकमधून दिसतं. ते बघूनच पाना दाबा.

मग टेस्टर लावा. १ ते ८ दिवे दोन्हीकडे त्याच क्रमानं लागले पाहिजेत. माझ्या पहिल्या प्रयत्नात ७ वा दिवा लागला नाही. टोक कापून नवं लावलं. तसंच ठेवलं असतं तर वायर चालली असती, पण १०० वरच अडकली असती, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. माझ्या १०० च्या कनेक्शनला ते कळलंही नसतं. पुढे २०० चं घेतलं असतं तेव्हा, इतके पैसे भरून ९४च का येतात म्हणून डोकं आपटत बसले असते. कनेक्शन १०० पेक्षा मोठं असूनही वायरवरून ९३-९५ वर गाडी अडते तेव्हा संशय कनेक्शनवर नको. आधी टोकं बघा, मग डब्यांची भोकं १०० ची आहेत का ते बघा.

५. मागचा राउटर नुसता पसरवणारा करा

मागच्या राउटरच्या सेटिंगमध्ये `Access Point` असा पर्याय असेल तर तो निवडा, वायर जोडा आणि पुढच्या पायरीवर जा.

जुन्या राउटरला तो नसतो. मग हातानं करावं लागतं, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आमचा पुढचा डबा 192.168.1.1 वर आहे असं धरून सांगते.

आधी मागचा राउटर पुढच्याला न जोडता फक्त लॅपटॉपला वायरनं जोडा. त्याच्या बुडाशी लिहिलेल्या पत्त्यावर जा. त्याचा `LAN IP` बदलून 192.168.1.2 करा, आणि हा पत्ता पुढचा डबा दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, ते त्याच्या यादीत बघून घ्या. राउटर बंद होऊन चालू होईल. आता नव्या पत्त्यावर पुन्हा आत जा आणि `DHCP Server` बंद करा. मगच पुढून आलेली वायर त्याच्या `LAN` लिहिलेल्या भोकात घाला. वेगळ्या रंगाचं `WAN` भोक रिकामं ठेवायचं.

`DHCP Server` बंद करायचा राहिला तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. काही फोन चालतात, काही वायफायला जोडलेले दिसूनही इंटरनेट नाही म्हणतात, आणि उद्या कोणाचा बंद पडेल ते सांगता येत नाही. वायर चुकून `WAN` मध्ये गेली तर इंटरनेट चालूही शकतं, पण मागच्या फोनला पुढचा प्रिंटर किंवा टीव्ही सापडत नाही.

आणि माझी घोडचूक सांगते. वायर लावून झाल्यावर माजघरातला जुना एक्स्टेंडर चालूच होता. अंगणाकडेही जरा वायफाय जाईल म्हणून मी त्याला मागच्या राउटरची एक वायर जोडली. दोन मिनिटांत अख्ख्या घराचं नेट गोठलं, सगळ्या डब्यांचे दिवे एकसारखे लुकलुकायला लागले. एक्स्टेंडर पुढच्या राउटरशी हवेतून जोडलेला होताच, आता वायरनंही जोडला गेला. म्हणजे एक गोल तयार झाला आणि एकच निरोप त्यात न थांबता फिरत राहिला. वायर टाकली की एक्स्टेंडर बोर्डावरून उपटा.

६. नाव, चॅनल, आणि चिकटून बसणारे फोन

दोन्ही राउटरला वायफायचं एकच नाव, एकच पासवर्ड आणि सुरक्षेचा एकच प्रकार द्या. चॅनल मात्र वेगळे. २.४ वर पुढे १ आणि मागे ११ ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ वर पुढे ३६ आणि मागे १४९.

कधीकधी फोन पुढच्या खोलीतून मागे येतो, पण पुढच्याच राउटरला चिकटून राहतो. कुठल्या राउटरला धरायचं हे फोन स्वतः ठरवतो, राउटर नाही. पुढच्या राउटरची २.४ ची ताकद `High` वरून `Medium` केली की तो लवकर सोडतो. आमच्याकडे तेवढ्यानं भागलं.

आता पहिल्या पायरीतली मोजणी पुन्हा करा. आमच्या मागच्या खोलीत ९३ आले. टीव्ही अडकणंही थांबलं, त्याला हातही न लावता.

७. भिंत फोडता येत नसेल तर

भाड्याच्या घरात मालक ड्रिल बघूनच नाही म्हणतो. तिथे सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे डबाच हलवणं. फायबरची वायर बारीक असते, भिंतीच्या कडेनं नेता येते. कनेक्शनवाल्याला सांगून डबा घराच्या मध्यावर आणा. आमच्यासारख्या घरात मग दोन्ही बाजूंना पंचेचाळीस-पन्नास फूटच उरतात. कनेक्शन नवीन घेत असाल तर तो पोरगा भोक पाडायच्या आधीच त्याला जागा दाखवा. नंतर बोलावलं तर वेगळे पैसे लागतात. फायबर स्वतः ओढू नका, तीव्र वाकवली की आतली काच तुटते.

मेश म्हणून दोन-तीन डब्यांचा संच मिळतो. तो एक्स्टेंडरपेक्षा बरा, फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर नीट जातात. पण दोन बँडचा मेश हवेतूनच जोडला तर पुनरुक्तीचा दंड त्यालाही लागतो. एकमेकांशी बोलायला वेगळा तिसरा रेडिओ असलेला संच घेतला तर तो टळतो, त्याची किंमत मात्र बरीच असते. आणि लांबट घरात डबे एका ओळीत लागतात, म्हणजे तिसऱ्या डब्याचा निरोप दोनदा उडी मारून येतो. घेतलाच तर दोन डब्यांच्या मध्ये वायर जोडता येते का ते बघून घ्या.

घरातल्या विजेच्या वायरीतून नेट नेणारे ॲडॉप्टरही असतात. आमच्याकडे पुढचा भाग एका फेजवर आणि मागचा दुसऱ्यावर आहे, त्यात मध्ये इन्व्हर्टर. शेजाऱ्यांकडून आणून लावून बघितले, मागे ८ मिळाले. एकाच फेजवरच्या लहान घरात बरे चालत असतील, मी परत देऊन आले.

एक राहिलंच. आमचा पुढचा डबा इन्व्हर्टरवर होता, मागचा राउटर साध्या बोर्डावर. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा मी मीटिंगमध्ये होते आणि मागचं वायफाय गेलं, पुढे सासरे मजेत बातम्या बघत होते. मागच्या राउटरला इन्व्हर्टरचा पॉइंट त्याच रविवारी काढून घ्या, वायरवाला पुन्हा बोलवावा लागत नाही.